बॅटरी संपली, फाइल आहे पण व्हिडिओ चालत नाही. नेमकं काय हरवतं आणि ते परत कसं मिळतं?

बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचं गाव आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी इथे गावाबाहेरच्या शेतात घटमांडणी होते. गोल आखून त्यात अठरा प्रकारची धान्यं ठेवतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं आणि त्यावर पाण्याची घागर. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास घटाची पाहणी होते आणि पीक-पाण्याची भाकितं जाहीर केली जातात. त्या भाकितांवर किती विश्वास ठेवायचा हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. आपला विषय असा की ही सकाळ वर्षातून एकदाच येते आणि ती शूट करताना माझ्या कॅमेऱ्याची बॅटरी गेली.

बॅटरीचं चिन्ह एक तृतीयांश भरलेलं दिसत होतं. भाकितं वाचणं सुरू होतं, माणसं पुढे सरकत होती आणि स्क्रीन एकदम काळी झाली. नांदुऱ्याजवळ मामाच्या घरी येऊन कार्ड लॅपटॉपला लावलं. पहिली फाइल छान चालली. दुसरी फाइल, जिच्यात पाऊस-पाण्याचं आणि कपाशीचं भाकीत होतं, ती उघडेचना. गंमत म्हणजे फाइल रिकामी नव्हती. साईज १.४४ जीबी दाखवत होती. व्हीएलसीने उघडल्यासारखं केलं आणि लगेच थांबला. यूट्यूबवर टाकून बघितली, तिथेही प्रोसेसिंग अडकलं.

मामा मागून बघत होते. म्हणाले, "मंग ते निघन का वं पोरी?"

निघालं. सगळं नाही, पण जवळजवळ सगळं. कसं, ते सांगते. हा प्रकार लग्नाच्या शूटिंगमध्ये, ड्रोनमध्ये, मोबाईलमध्ये कुणाच्याही वाट्याला येऊ शकतो. आणि त्यानंतर घाईघाईत केलेली एखादी गोष्ट खरं नुकसान करते.

पोती आहेत, वही नाही

एमपी-फोर ही फाइल म्हणजे एकामागे एक ठेवलेले डबे असतात. प्रत्येक डब्याच्या सुरुवातीला चार बाइटमध्ये त्याची लांबी आणि पुढच्या चार बाइटमध्ये त्याचं नाव लिहिलेलं असतं. आपल्याला त्यातले तीनच पुरे आहेत. पहिला ftyp, म्हणजे ही फाइल कोणत्या प्रकारची आहे त्याची पाटी. दुसरा mdat, ज्यात खरं चित्र आणि आवाज भरलेला असतो. फाइलचा जवळजवळ सगळा आकार याचाच. आणि तिसरा moov, म्हणजे सूची. हा आकाराने किरकोळ असतो, पण त्याच्याशिवाय बाकीच्या मालाला अर्थ नाही.

खामगावच्या बाजार समितीतल्या एखाद्या आडत्याचं गोदाम डोळ्यासमोर आणा. दिवसभर पोती येताहेत आणि जागा मिळेल तशी लागताहेत. कोणतं पोतं कुणाचं, कितव्या रांगेत, किती किलोचं, हे सगळं मुनीम डोक्यात ठेवतोय आणि संध्याकाळी वहीत उतरवणार आहे. वही लिहायच्या आधीच मुनीम गायब झाला तर? एकही पोतं चोरीला गेलेलं नाही. पण सकाळी आलेल्या माणसाला त्या ढिगातून काहीच काढता येणार नाही.

कॅमेरा असाच काम करतो. माझा कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं घेत होता. प्रत्येक चित्राचा आकार वेगळा असतो. मधेमधे आवाजाचे तुकडे येतात. कोणता तुकडा फाइलमध्ये नेमका कुठे सुरू होतो, किती बाइटचा आहे आणि किती वेळ दाखवायचा, ही यादी कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या मेमरीत तयार होत राहते. रेकॉर्डिंग किती वेळ चालेल हे कॅमेऱ्याला आधी माहीत नसतं, म्हणून यादीला किती जागा लागेल हेही माहीत नसतं. त्यामुळे बहुतेक कॅमेरे तुम्ही लाल बटण पुन्हा दाबल्यावर, म्हणजे सगळ्यात शेवटी, moov लिहितात. वीज गेली की मेमरीतली यादी पुसली जाते. कार्डावरचा mdat मात्र तिथेच असतो.

मग प्रत्येक वेळी बॅटरी संपल्यावर असं का होत नाही? कारण बॅटरी हळूहळू उतरत असेल तर कॅमेऱ्याला ते कळतं. तो शेवटची थोडी ताकद राखून ठेवतो, रेकॉर्डिंग स्वतः थांबवतो, वही लिहितो आणि मग बंद होतो. घोळ होतो तो वीज न सांगता तुटली की. पॉवर बँकेची वायर ओढली गेली, बॅटरीचं झाकण उघडलं, किंवा माझ्यासारखी जुनी बॅटरी असली तर. जुन्या बॅटरीचं व्होल्टेज ताण आला की अचानक कोसळतं. स्क्रीनवरची पट्टी हा फक्त अंदाज असतो.

सगळ्यात आधी कार्ड वाचवा

अशी फाइल दिसली की हात थरथरतात आणि माणूस भलतंच बटण दाबतो. त्याच कार्डावर आणखी शूट करू नका, कारण नवीन फाइल हरवलेल्या भागावरच लिहिली जाऊ शकते. विंडोज कधी कधी ड्राइव्ह तपासून दुरुस्त करू का असं विचारतं, कधी थेट फॉरमॅट करायला सांगतं. दोन्हींना नाही म्हणा. ती दुरुस्ती फोल्डर आणि फाइल यांच्या नोंदींची असते. तिला तुमच्या व्हिडिओची सूची बनवता येत नाही, उलट अर्धवट नोंद ती छाटून टाकू शकते.

एसडी कार्डाच्या कडेला छोटी लॉकची खिट्टी असते, ती खाली ओढा आणि मगच कार्ड रीडरमध्ये घाला. मग नुसती फाइल कॉपी न करता पूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रत काढा. तिला इमेज म्हणतात. विंडोजवर Win32 Disk Imager हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. त्यात Read दाबायचं, Write नाही. ही दोन बटणं शेजारी आहेत आणि दुसरं दाबलं तर उलटा प्रवास सुरू होतो, म्हणून खिट्टी आधी. ३२ जीबीच्या कार्डासाठी कॉम्प्युटरवर तेवढीच जागा लागते.

इमेज काढून झाल्यावर कार्डाची खिट्टी वर करा, चार्ज केलेली बॅटरी लावा आणि कार्ड त्याच कॅमेऱ्यात घालून तो सुरू करा. काही कॅमेऱ्यांना अर्धवट राहिलेली फाइल ओळखता येते आणि ते स्वतःच दुरुस्त करू का असं विचारतात. गोप्रोसारख्या ॲक्शन कॅमेऱ्यांत ही सोय आहे. जमलं तर याच्याइतका सोपा उपाय नाही, कारण फाइल कशी मांडली हे त्या कॅमेऱ्याइतकं कुणालाच माहीत नसतं. माझ्या कॅमेऱ्याने काहीच विचारलं नाही.

आत माल आहे का, ते बघा

दुरुस्तीच्या मागे लागण्याआधी रोग तोच आहे ना, हे तपासायला हवं. ffprobe नावाचं मोफत साधन आहे, ते ffmpeg सोबत येतं. माझ्या फाइलवर ते चालवलं:

```
ffprobe CLIP0048.MP4
```

उत्तरात ही ओळ आली:

```
moov atom not found
```

म्हणजे वही नाही. पण पोती आहेत का? ते बघायला HxD सारख्या हेक्स एडिटरमध्ये फाइल उघडायची. हेक्स एडिटर म्हणजे फाइलमधला बाइट न् बाइट दाखवणारा प्रोग्राम. सुरुवातीलाच ftyp आणि थोडं पुढे mdat ही अक्षरं दिसली तर उत्तम. मग खाली खाली जाऊन मधला भाग बघायचा. तिथे आकडे-अक्षरांची नुसती खिचडी दिसली तर आनंद माना, दाबून छोटा केलेला व्हिडिओ असाच दिसतो. सगळीकडे 00 00 00 दिसलं तर मात्र त्या फाइलमध्ये फक्त जागा आहे, माल नाही. अशी फाइल दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका.

आत किती मिनिटांचा व्हिडिओ आहे, याचाही अंदाज बांधता येतो. माझं कार्ड FAT32 पद्धतीचं होतं आणि त्यात एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. म्हणून कॅमेऱ्याने तिथे पहिली फाइल बंद करून दुसरी सुरू केली होती. पहिली, चालणारी फाइल १९ मिनिटं २४ सेकंदांची, म्हणजे मिनिटाला साधारण २११ एमबी. बिघडलेली फाइल १,४७५ एमबीची. भागाकार केला की सातच्या जरा आत येतं. म्हणजे सात मिनिटांचं शूटिंग तिथे पडलेलं होतं. या ४ जीबीच्या मर्यादेला मी एरवी वैतागते, पण त्या दिवशी तिच्यामुळेच पहिली १९ मिनिटं वाचली. पहिल्या फाइलची वही तिथल्या तिथे लिहून झाली होती.

तुमची फाइल ० केबी दाखवत असेल, किंवा दिसतच नसेल, तर गोष्ट एक पायरी मागे जाते. काही कॅमेरे फाइलचा आकारही शेवटीच नोंदवतात. मग व्हिडिओ कार्डावर असतो, पण फोल्डरला त्याचा पत्ता नसतो. अशा वेळी PhotoRec हे मोफत साधन कार्डाच्या इमेजमधून फाइल शोधून काढायचा प्रयत्न करतं. कार्ड ताजं फॉरमॅट केलेलं असेल तर यश मिळण्याची शक्यता जास्त, कारण तुकडे सलग लागलेले असतात. जुन्या, भरत-पुसत वापरलेल्या कार्डावर तुकडे विखुरलेले असतात. आणि फाइल बाहेर आली तरी तिला moov नसतोच, म्हणजे पुढची पायरी चुकत नाही.

वही पुन्हा लिहायची कशी?

इथे untrunc हे मोफत साधन कामाला येतं. मूळ प्रोग्राम फेदेरिको पोन्चिओ यांचा आहे आणि त्यावरून इतरांनी बनवलेल्या आवृत्त्याही आहेत. त्यातल्या एका आवृत्तीत विंडोजवर कमांड न लिहिता बटणांनी काम होतं. त्याची मागणी एकच असते. त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर काढलेली एक चांगली फाइल द्या.

चांगली फाइल कशाला? गोदामाकडे परत जाऊ. मुनीम गेला, पण त्याची मागच्या आठवड्याची वही मिळाली. तीत आजची पोती नाहीत. पण हा माणूस माल कसा लावतो ते तिच्यावरून कळतं. कॅमेऱ्याचंही तसंच. चित्र किती बाय किती, सेकंदाला किती, ते कोणत्या पद्धतीने दाबलंय, आवाज कोणत्या प्रकारचा, हे सगळं चांगल्या फाइलच्या moov मध्ये असतं. हे माहीत झालं की प्रोग्राम बिघडलेल्या mdat च्या पहिल्या बाइटपासून चालायला लागतो.

आणि चालता येतं, कारण बहुतेक कॅमेऱ्यांच्या फाइलमध्ये चित्राच्या प्रत्येक तुकड्याच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते. पोत्यावर वजनाची चिठ्ठी असते, असं समजा. चिठ्ठी वाचायची, तेवढं पुढे जायचं, पुढचं पोतं. आवाजाचं काम अवघड. मोबाईल वापरतात त्या एएसी आवाजाच्या तुकड्यांवर अशी चिठ्ठी नसते. तो उलगडून बघितल्याशिवाय कुठे संपतो ते कळत नाही, म्हणून प्रोग्रामला मधे अंदाज करावा लागतो. दुरुस्त झालेल्या व्हिडिओत चित्र नीट आणि आवाज खरखरीत, असं दिसतं त्याचं एक कारण हे. माझ्या कॅमेऱ्याचा आवाज न दाबलेला, ठरावीक आकाराच्या तुकड्यांचा होता. नशीब.

कमांड एवढीच आहे. आधी चांगली फाइल, मग बिघडलेली:

```
untrunc CLIP0031.MP4 CLIP0048.MP4
```

मूळ फाइलला हात लागत नाही. नावापुढे _fixed जोडलेली नवी फाइल तयार होते.

माझा पहिला प्रयत्न फसला. CLIP0031 ही आदल्या संध्याकाळची क्लिप होती. उजेड कमी म्हणून मी तेव्हा २५ चित्रांवर शूट केलं होतं आणि सकाळी ५० वर. ते डोक्यातून गेलं. नवी फाइल चालली, पण माणसं पाण्यात चालल्यासारखी हळू आणि आवाज निम्म्यातच संपलेला. प्रोग्रामने प्रत्येक चित्र दुप्पट वेळ दाखवायचं ठरवलं होतं, कारण मी दिलेल्या वहीत तसंच होतं. दुरुस्तीनंतर व्हिडिओ हळू किंवा पळत दिसला तर आधी चांगल्या फाइलची सेटिंग तपासा. हिरवे-करडे चौकोन दिसले तर बहुधा चित्राचा आकार किंवा दाबण्याची पद्धत जुळलेली नसते.

दुसऱ्या वेळी मी समोरच असलेली गोष्ट वापरली. CLIP0047, म्हणजे त्याच रेकॉर्डिंगचा पहिला भाग. सेटिंग तीच, क्षणसुद्धा लागूनच.

```
untrunc CLIP0047.MP4 CLIP0048.MP4
```

६ मिनिटं ५१ सेकंद. कपाशीचं भाकीत आलं, पावसाचं आलं. ओठ आणि आवाज जुळतात का हे सुरुवातीला, मधे आणि शेवटी असं तीन ठिकाणी बघितलं, कारण आवाज हळूहळू मागे पडत गेला तर तो सुरुवातीला कळतच नाही. जुळत होता. शेजारी उभ्या असलेल्या एकाने मोबाईलवर शूट केलं होतं, त्याच्याशी ताडून पाहिलं तर माझ्याकडचे शेवटचे चार-पाच सेकंद नव्हते. ते कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या मेमरीत होते, कार्डापर्यंत पोचलेच नाहीत. ते कुठलंही सॉफ्टवेअर आणू शकत नाही.

तुमच्याकडे अशी जुनी चांगली फाइल नसेल तर नवी काढा. तोच कॅमेरा, तीच सेटिंग, मिनिटभराचं काहीही शूट करा. पण दुसऱ्या कार्डावर.

जिथे हे अडतं

मोबाईलचे व्हिडिओ जास्त त्रास देतात. बहुतेक फोन सेकंदाला नेमकी ३० चित्रं घेत नाहीत, उजेडाप्रमाणे कमी-जास्त करतात. प्रत्येक चित्राची खरी वेळ फक्त moov मध्ये होती आणि ती गेली. मग चित्र-आवाज थोडे सरकतात आणि एडिटिंगमध्ये हाताने जुळवावे लागतात. ड्रोन आणि ॲक्शन कॅमेरे चित्र-आवाजाबरोबर लोकेशन आणि हालचालीची माहितीही मधेमधे भरतात. त्या अनोळखी पोत्यापाशी प्रोग्राम थांबला तर ते ओलांडून पुढे जा असं -s लावून सांगता येतं:

```
untrunc -s good.mp4 broken.mp4
```

इंटरनेटवर सुचवले जाणारे काही उपाय इथे लागूच होत नाहीत. नावातलं .MP4 बदलून .MOV केल्याने वही तयार होत नाही. व्हीएलसीमध्ये फाइल दुरुस्त करण्याची एक सेटिंग आहे, पण ती एव्हीआय फाइलसाठी आहे. कन्व्हर्टरही निरुपयोगी, कारण कन्व्हर्ट करायला आधी फाइल वाचता यावी लागते. पैसे घेणारी सॉफ्टवेअरं बरीच आहेत आणि त्यातली अनेक हीच चांगली फाइल मागून हेच काम करतात. घ्यायचंच असेल तर पैसे भरण्याआधी दुरुस्त झालेला भाग दाखवतात का ते बघा. आणि घरातल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ अनोळखी वेबसाइटवर अपलोड करताना तो तिकडे राहू शकतो, हे लक्षात असू द्या.

एक गोष्ट वेगळी ओळखा. कुणी पाठवलेला किंवा डाउनलोड केलेला व्हिडिओ चालत नसेल तरीही moov atom not found असंच येऊ शकतं. तिथे फाइल अर्धवट उतरलेली असते आणि शेवटी असलेली सूची यायची राहिलेली असते. पाठवणाऱ्याला साईज विचारा. कमी असेल तर दुरुस्ती नको, पुन्हा मागवा.

कॅमेरा कंपन्या वही मधेमधे का लिहीत नाहीत, असा प्रश्न मलाही पडला. काही ठिकाणी लिहितातही. तुमच्या कॅमेऱ्याच्या मेनूत AVCHD हा पर्याय असेल तर त्याच्या .MTS फाइल छोट्या स्वतंत्र पाकिटांच्या बनलेल्या असतात आणि वीज गेली तरी तिथपर्यंतचा भाग सहसा चालतो. कॉम्प्युटरवर ओबीएसने रेकॉर्डिंग करणाऱ्यांना एमकेव्ही वापरायला सांगतात ते याचसाठी. २०२४ मध्ये ओबीएसने हायब्रिड एमपी-फोर हा प्रकार आणला, त्यात तुकड्या-तुकड्याने नोंद होत जाते. साध्या कॅमेऱ्यात एमपी-फोरच हवं असेल तर हाताने करता येण्यासारखं एकच आहे. दर पाच-सात मिनिटांनी, बोलणाऱ्याने श्वास घेतला की, रेकॉर्डिंग थांबवून लगेच सुरू करायचं. प्रत्येक वेळी एक वही लिहून होते.

मामांना लॅपटॉपवर ती सात मिनिटं दाखवली. त्यांनी कपाशीचं भाकीत दोनदा ऐकलं आणि विचारलं, हे मोबाईलवर टाकता येतं का.